स्मरणपत्राची मुदत कोठून मोजावी

गळीत हंगाम आटोपला आणि गव्हाणीचा आवाज थांबला, की साखर कारखान्यातील कामाचा भार यंत्रशाळेकडून कचेरीकडे सरकतो. मिलचे रोलर उघडले जातात, झिजलेले भाग बाहेर निघतात, आणि नव्या भागांची मागणीपत्रे एका मेजावरून दुसऱ्या मेजावर फिरू लागतात. बेअरिंगचे ओतकाम आणि त्यानंतरचे यंत्रकाम यांस काही आठवडे लागत असल्यामुळे, श्रावणात मंजुरीवाचून पडून राहिलेल्या कागदाची किंमत दिवाळीच्या सुमारास गाळप खोळंबून मोजावी लागते. एका सहकारी कारखान्याच्या खरेदी शाखेचा अधीक्षक या नात्याने मी हा व्यवहार दीर्घकाळ पाहिला. प्रलंबित मागण्यांची आठवण संबंधित अधिकाऱ्यास, आणि त्यानेही निर्णय न दिल्यास त्याच्या वरिष्ठास, संगणकाने आपोआप करून देण्याची व्यवस्था आमच्याकडे आली, तेव्हा तिचे गुण आणि तिने माजविलेला गोंधळ हे दोन्ही मी जवळून अनुभवले. अशी व्यवस्था आपल्या संस्थेत आणू इच्छिणाऱ्यांस त्या अनुभवाचा उपयोग व्हावा, एवढ्याच हेतूने हे लिहीत आहे.

कागदाच्या काळातही वरिष्ठांकडे तक्रार जात असे. परंतु तिला एक क्रम होता. प्रथम साधे स्मरणपत्र, मग पहिल्याचा संदर्भ देऊन दुसरे, आणि तेही निष्फळ ठरल्यास वरिष्ठाच्या नावे अर्धशासकीय पत्र. हे तिसरे पत्र लिहिण्यापूर्वी कारकून आवक-जावक नोंदवही उघडून कागद खरोखर कोणाकडे आहे, तो केव्हा पोचला, मध्यंतरी काही शेरा मारून परत आला होता काय, याची खातरजमा करीत असे; कारण चुकीच्या माणसावर ठपका ठेवणारे पत्र साहेबांच्या सहीने गेले, तर पुढची जबाबदारी त्याच्यावरच येई. आमच्या नव्या व्यवस्थेत पत्र पाठविण्याचे काम यंत्राकडे आले. ती खातरजमा मात्र कोणाकडेच आली नाही. व्यवस्था रचून देणाऱ्या मंडळींनी नियम लिहिला तो असा: मागणी दाखल झाल्यापासून तिसऱ्या दिवशी ज्याच्याकडे ती असेल त्यास स्मरण, पाचव्या दिवशी त्याच्या वरिष्ठास, आणि सातव्या दिवशी थेट कार्यकारी संचालकांस. नियम वाचावयास निर्दोष वाटतो. त्यातील दोष एका प्रकरणाच्या तारखा मांडल्याशिवाय ध्यानात येत नाही.

मिल फोरमनने गनमेटलच्या दोन बेअरिंगांची मागणी गुरुवार, 8 ऑगस्ट रोजी दाखल केली. चीफ इंजिनिअर प्रशिक्षणासाठी बाहेरगावी होते. त्यांनी सोमवारी, 12 तारखेस, सायंकाळी मंजुरी दिली. स्टोअरकीपरने शिल्लक साठा तपासून 13 तारखेस दुपारी ती मागणी चीफ अकाउंटंटकडे पाठविली. त्यांनी दुसऱ्याच दिवशी विचारणा केली, की मागील हंगामात बदललेल्या बेअरिंगांचे जुने गनमेटल स्टोअरमध्ये वजन करून जमा झाले आहे काय. ही विचारणा अत्यंत योग्य होती, कारण भंगारातही या धातूस चांगला भाव येतो आणि त्याचा हिशेब लागल्याशिवाय नवीन खरेदीस मंजुरी न देण्याची आमच्याकडे शिस्त होती. म्हणजे 14 तारखेपासून मागणी वस्तुतः फोरमनच्या उत्तराची वाट पाहत होती. तथापि यंत्राने दाखल तारखेपासून सात दिवस मोजले, रविवारही मोजला, आणि 15 ऑगस्टच्या सकाळी कार्यकारी संचालकांस कळविले, की सदर मागणी सात दिवसांपासून चीफ अकाउंटंट यांच्याकडे प्रलंबित आहे. ध्वजवंदनानंतर चारचौघांत साहेबांनी त्यांना याचा जाब विचारला. ज्या गृहस्थाने कागद हाती आल्यानंतर एका दिवसात त्यावर कार्यवाही केली, त्याच्या पदरी इतरांच्या मेजांवर गेलेले दिवस जमा झाले होते.

या अन्यायाचा परिणाम त्या दिवसापुरता राहिला असता, तर मी तो येथे नोंदविला नसता. कचेरीतील प्रत्येकाने त्यातून स्वतःपुरता धडा घेतला. ओरड थांबविण्यासाठी नियमात दुरुस्ती झाली, ती अशी, की विचारणा केल्यास मुदत पुन्हा पहिल्यापासून मोजावी. मग मुदत संपण्याच्या आदल्या दिवशी एखादी किरकोळ विचारणा करून मागणी परत पाठविण्याची वहिवाट पडली. ‘कृपया सविस्तर कारण द्यावे’ एवढा शेरा मारला, की आणखी तीन दिवस निश्चिंत. दुसरीकडे, प्रत्येक मागणीचे स्वतंत्र पत्र जात असल्यामुळे दुरुस्तीच्या ऐन दिवसांत कार्यकारी संचालकांच्या ईमेलमध्ये रोज सकाळी या पत्रांची रास पडू लागली. तेव्हा त्यांच्या स्वीय सहायकाने ती सर्व परस्पर एका निराळ्या फोल्डरमध्ये जातील अशी तजवीज केली. त्यानंतर खऱ्या दिरंगाईची सूचनाही त्याच फोल्डरमध्ये न वाचता पडू लागली. खोटी तक्रार वारंवार करणाऱ्या व्यवस्थेवर खऱ्या तक्रारीच्या वेळीही कोणी विश्वास ठेवीत नाही, आणि हेच तिचे सर्वांत मोठे नुकसान होय.

पुढे नियम नव्याने लिहिण्याचे काम आमच्या शाखेकडे आले, तेव्हा मला मार्ग दिसला तो जुन्या सरकारी शिस्तीत. महाराष्ट्रात ज्यास सर्वजण दप्तर दिरंगाईचा कायदा म्हणतात, त्या 2005 च्या अधिनियमाचे कलम 10 सांगते, की कोणतीही संचिका सामान्यतः कोणत्याही शासकीय कर्मचाऱ्याकडे सातांहून अधिक कामाचे दिवस प्रलंबित राहू नये. हा कायदा आमच्यासारख्या कारखान्यास लागू नाही. परंतु त्यातील दोन गोष्टी मोलाच्या आहेत. मुदत त्या त्या कर्मचाऱ्याच्या मेजापासून मोजावयाची आहे, आणि मोजावयाचे ते कामाचे दिवस आहेत. तसेच आपल्या महसूल कचेऱ्यांत चालत आलेल्या सहा गठ्ठे पद्धतीत, आपण स्वतः निकालात काढावयाची प्रकरणे एका गठ्ठ्यात आणि दुसऱ्याच्या उत्तरासाठी थांबलेली ‘प्रतीक्षाधीन’ प्रकरणे निराळ्या गठ्ठ्यात ठेवली जातात. आपोआप जाणाऱ्या स्मरणपत्रांचा पाया या दोन विवेकांवर रचला, तर बाकीचे बरेचसे प्रश्न आपोआप सुटतात.

म्हणून पहिला नियम हा ठेवावा, की प्रत्येक टप्प्याची मुदत मागणी त्या मेजावर पोचल्यावर सुरू व्हावी. पोचल्याचा दिवस धरू नये, आणि साप्ताहिक सुट्टी व जाहीर सुट्या वगळाव्यात. विचारणा होताच मुदत जेथे असेल तेथे थांबावी आणि ज्याच्याकडून उत्तर हवे त्याच्या नावे ती चालू व्हावी. उत्तर आल्यावर मूळ अधिकाऱ्याचे जेवढे दिवस उरले असतील, तेवढेच त्याला मिळावेत. मुदत थांबते पण पुन्हा भरून येत नाही, हे कळल्यावर निरर्थक विचारणा आमच्याकडे आपसूक कमी झाल्या. वरील प्रकरणच या नियमाने मोजून पाहावे. स्मरण दोन पूर्ण दिवसांनंतर आणि वरिष्ठांस सूचना तीन पूर्ण दिवसांनंतर, अशी मुदत धरू. चीफ इंजिनिअरांना 12 तारखेस सकाळी स्मरण गेले असते आणि त्याच सायंकाळी मंजुरी आल्यामुळे प्रकरण तेथेच मिटले असते. चीफ अकाउंटंटांकडे 14 तारखेस एकही दिवस पूर्ण न होता विचारणा झाली. फोरमनचे उत्तर शनिवारी, 17 तारखेस आले. त्यापुढे सोमवार आणि मंगळवार असे दोन दिवस गेल्यावर बुधवारी, 21 तारखेस सकाळी स्मरण, आणि त्या दिवशीही निर्णय न झाल्यास 22 तारखेस सकाळी वरिष्ठांस सूचना, हा न्याय्य क्रम झाला असता. 15 ऑगस्टला कोणासही कोणाविषयी काही कळविण्याचे कारण नव्हते.

दुसरा नियम पत्राच्या मजकुराविषयी आहे. ‘आपल्याकडे एक मागणी प्रलंबित आहे’ एवढ्या वाक्याने कोणी हलत नाही. आमच्या सुधारलेल्या पत्रात वस्तूचे नाव, अंदाजी रक्कम, मागणारा कोण, मागणी आपल्याकडे कोणत्या तारखेस आली, हे एका दृष्टिक्षेपात दिसे; आणि शेवटी, ‘21 ऑगस्ट अखेर निर्णय न झाल्यास ही बाब कार्यकारी संचालकांस 22 ऑगस्टला सकाळी कळविली जाईल’ हे स्पष्ट शब्दांत लिहिलेले असे. पुढे काय होणार आणि केव्हा होणार, हे आधी सांगितल्यामुळे बहुतेक प्रकरणे वर जाण्यापूर्वीच निकालात निघू लागली, आणि जे वर गेले त्याविषयी कोणास पाठीमागून तक्रार झाल्यासारखे वाटले नाही. वरिष्ठांस मात्र प्रत्येक मागणीचे पत्र न पाठविता रोज सकाळी एकच गोषवारा पाठवावा, आणि त्यात सर्वांत जुने प्रकरण सर्वांत वर असावे.

तिसरी काळजी माणसांच्या यादीची. वरिष्ठ कोण, हे यंत्र आस्थापना शाखेच्या नोंदीवरून ठरविते, आणि ती नोंद बहुधा शिळी असते: कोणी निवृत्त झालेला असतो, कोणाचे पद रिक्त असते, आणि सर्वोच्च अधिकाऱ्यास वरिष्ठच नसतो. अशा वेळी पत्र शून्यात जाते आणि ते गेले नाही हे कोणासही कळत नाही. म्हणून रजेवरील अधिकाऱ्याचा प्रभार कोणाकडे आहे याची नोंद सक्तीची करावी, प्रभार असेल तोवर स्मरण प्रभाऱ्यासच जावे, आणि ज्या सूचनेस धनी सापडत नाही ती व्यवस्था सांभाळणाऱ्या शाखेकडे यावी. व्यवस्था सुरू करण्यापूर्वी जुनी तुंबलेली प्रकरणे हाताने निकालात काढावीत किंवा त्यांची मुदत सुरुवातीच्या दिवसापासून धरावी, नाहीतर पहिल्याच सकाळी साऱ्या कचेरीविरुद्ध एकदम तक्रार जाते. शक्य तर पहिला पंधरवडा सर्व पत्रे केवळ आपल्याच शाखेकडे पाठवावीत आणि ती नोंदवहीशी ताडून पाहावीत.

शेवटी एक इशारा. मुदतीत उत्तर न आल्यास मागणी आपोआप मंजूर समजावी, अशी सूचना कोणीतरी हमखास करतो. जेथे संस्थेचा पैसा खर्च व्हावयाचा आहे, तेथे ती स्वीकारू नये; मौनास संमती मानणारा नियम दिरंगाई करणाऱ्यासच जबाबदारीतून मुक्त करतो. वरिष्ठाकडे गेलेल्या प्रकरणातही निर्णय कोणी दिला, मूळ अधिकाऱ्याने की वरिष्ठाने, हे नावानिशी दप्तरी राहिले पाहिजे. ज्यांच्या हाती ही व्यवस्था आहे त्यांना माझी विनंती एवढीच आहे, की नियम लागू करण्यापूर्वी आपल्या कचेरीतील एका खऱ्या मागणीच्या तारखा कागदावर उतरवाव्यात आणि प्रत्येक दिवशी ती कोणाच्या मेजावर होती हे लिहावे. ज्या नियमाने त्या दिवसांचा हिशेब बिनचूक लागतो, तोच नियम लागू करावा.