शाळेचे वेळापत्रक चौकटीत कसे मांडावे

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत पुष्कळ शाळांच्या व्यवस्थापन समितीवर आता आपल्यासारखीच शेतावर जाणारी माणसे बसतात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने या समितीत निदान तीन चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात, आणि एकूण सभासदांत निम्म्या बाया. सभेत एक कागद फिरतो. त्यावर आठवड्याचे वेळापत्रक टाइप केलेले असते. कागद हातात येतो, आपण तो वाचतो, सही करतो, पुढे देतो. पण वाचून कळते काय? बघू या.

उदाहरणासाठी आपण एक शाळा धरू. वर्ग तीन : पाचवी, सहावी, सातवी. शिकवणारी माणसेही तीनच. हेडगुरुजी गणित आणि विज्ञान घेतात. बाई मराठी आणि हिंदी घेतात. नवे गुरुजी इंग्रजी, इतिहास आणि भूगोल घेतात. सोमवार ते शुक्रवार सहा तास. शनिवारी सकाळची शाळा, म्हणून चारच तास. सातवीसाठी कागदावर असे लिहिले आहे :

“पहिला तास दररोज गणित. दुसरा तास सोमवार, बुधवार, शुक्रवार मराठी, इतर दिवशी हिंदी. तिसरा तास इंग्रजी, शनिवारी चित्रकला. चौथा तास विज्ञान. पाचवा तास सोमवार व बुधवार इतिहास, मंगळवार व गुरुवार भूगोल. सहावा तास मराठी, शुक्रवारी खेळ. शनिवारी शेवटचा तास कवायत.”

वाचताना सगळे ठीक वाटते. कुठे अडत नाही. आता हेच आपण चौकटीत मांडू.

एक मोठा कागद घ्या. आठ रेघा उभ्या मारा, आठ आडव्या मारा. म्हणजे सात रकाने आणि सात ओळी होतील. वरच्या ओळीत वारांची नावे लिहा. डाव्या रकान्यात तासांचे आकडे लिहा. मधे छत्तीस घरे उरतील. शनिवारची शेवटची दोन घरे आधीच काट मारून बंद करा, नाहीतर त्यांतही चुकून काही भरले जाते. राहिली चौतीस घरे.

आता एकेक वाक्य घ्या, घरे भरा, आणि भरून झालेल्या वाक्याखाली पेन्सिलीने रेघ ओढा. ‘दररोज’ म्हणजे शनिवारसुद्धा. ‘इतर दिवशी’ हा शब्द जरा फसवा आहे. तो आला की बोटांवर मोजावे. सहा वारांतून सोमवार, बुधवार, शुक्रवार गेले. मंगळवार, गुरुवार आणि शनिवार उरले. शनिवार इथे नेहमी विसरतो.

भरून झाल्यावर चौकट अशी दिसते :

| तास | सोम | मंगळ | बुध | गुरु | शुक्र | शनि |
|---|---|---|---|---|---|---|
| १ | गणित | गणित | गणित | गणित | गणित | गणित |
| २ | मराठी | हिंदी | मराठी | हिंदी | मराठी | हिंदी |
| ३ | इंग्रजी | इंग्रजी | इंग्रजी | इंग्रजी | इंग्रजी | चित्रकला |
| ४ | विज्ञान | विज्ञान | विज्ञान | विज्ञान | विज्ञान | विज्ञान? कवायत? |
| ५ | इतिहास | भूगोल | इतिहास | भूगोल | (रिकामे) | × |
| ६ | मराठी | मराठी | मराठी | मराठी | खेळ | × |

बघा, दोन गोष्टी लगेच डोळ्यांत भरतात. शुक्रवारचा पाचवा तास रिकामा आहे. वाक्यात चार वारांची नावे होती, पाचवे नव्हते. न लिहिलेला शब्द कानाला ऐकू येत नाही, पण रिकामे घर डोळ्यांना दिसते. दुसरे, शनिवारच्या चौथ्या घरात दोन विषय आले. ‘चौथा तास विज्ञान’ असे म्हणताना लिहिणाऱ्याच्या मनात शनिवार नव्हता. पुढे दोन वाक्ये टाकून ‘शनिवारी शेवटचा तास’ आला. शनिवारी शेवटचा तास म्हणजे चौथाच की!

अशा घरात आपल्या मनाने एक विषय खोडून टाकू नये. दोन्ही लिहावेत, पुढे प्रश्नचिन्ह करावे, आणि हेडगुरुजींना विचारावे. रिकामे घरही रिकामेच ठेवावे. चौकट मांडणारा माणूस वेळापत्रक ठरवत नाही, तो फक्त उघडे करून दाखवतो.

याच रीतीने पाचवीची आणि सहावीची चौकट वेगळ्या कागदांवर करा. प्रत्येक घरात विषयाखाली शिकवणाऱ्याचे नाव लहान अक्षरांत लिहा. हे काम कंटाळवाणे आहे, पण ते टाळले तर पुढची तपासणी होतच नाही. मग तिन्ही कागद शेजारी ठेवा आणि एकाच वाराचा एकच तास तिन्हीकडे बघा. एका ठिकाणी बोट, दुसऱ्या ठिकाणी बोट, तिसऱ्या ठिकाणी बोट. तीन घरांत तीन निरनिराळी नावे आली पाहिजेत.

आपल्या शाळेत शुक्रवारचा तिसरा तास बघू. पाचवीला मराठी, बाई. सहावीला भूगोल, नवे गुरुजी. सातवीला इंग्रजी, तेही नवे गुरुजी! एक माणूस दोन वर्गांत कसा बसेल? एक वर्ग नुसता बसून राहणार, नाहीतर फळ्यावरचे उतरवून घेणार. आणि त्याच वेळी हेडगुरुजींना कुठलाच वर्ग नाही. सहावीचा मजकूर एका पानावर, सातवीचा दुसऱ्या पानावर. म्हणून हे कोणाच्या ध्यानात आले नाही.

वाट अशी निघते. सहावीचा शुक्रवारचा पाचवा तास गणिताचा आहे आणि तो हेडगुरुजींचा आहे. सहावीत तिसरा आणि पाचवा तास अदलाबदल केला. आता तिसऱ्या तासाला हेडगुरुजी सहावीत गणित घेतील आणि नवे गुरुजी सातवीत इंग्रजी. पाचव्या तासाला नवे गुरुजी सहावीत भूगोल घेतील, आणि हेडगुरुजी मोकळे झाले. ते सातवीच्या त्या रिकाम्या घरात विज्ञान घेऊ शकतात. म्हणजे शनिवारी कवायत ठेवली तरी विज्ञानाचे सहा तास आठवड्यात भरतात. मात्र बदल केला की तिन्ही कागदांवर पुन्हा बोट फिरवावे. एक घर हलवले की दुसरीकडे ठेच लागते, हा आमचा अनेक वर्षांचा अनुभव आहे. शाळेत माणसे वर्गांपेक्षा कमी असतील, तर कितीही अदलाबदल केली तरी एक घर उघडे राहणारच. तिथे दोन वर्ग एकत्र बसवावे लागतात, आणि तसे त्या घरात स्पष्ट लिहावे.

आता आडवी ओळ वाचून बघा. सातवीचा पहिला तास सहाही दिवस गणिताचाच. मुरबाडला रेल्वे नाही. बाहेरगावचे शिक्षक एसटीने कल्याणकडून येतात. शहापूरकडे येणारे आसनगावला लोकलमधून उतरून पुढे गाडी बघतात. पावसाळ्यात गाडी उशिरा आली की पहिला तास बुडतो. तो दर वेळी गणिताचाच बुडतो. वाक्यात ‘दररोज गणित’ हे चांगलेच वाटले होते, नाही का? दोन दिवस गणित दुसऱ्या तासाला नेता येईल का, हे सभेत विचारता येईल. उत्तर देण्याआधी बाईंचे तास बाकीच्या दोन वर्गांत कुठे आहेत ते बघावे लागेल.

घंटेच्या वेळा डाव्या रकान्यात लिहिण्याची रीत आहे. शनिवारी शाळा सकाळी असल्याने त्या वेळा शनिवारला लागू नाहीत. त्या शनिवारच्या रकान्याखाली वेगळ्या लिहाव्यात. कागदाच्या खाली तारीख घालावी, म्हणजे पुढे बदल झाल्यावर भिंतीवर जुना कागद कोणता नि नवा कोणता हे कळेल.