तीस सेकंदांत सांगायचं कसं? अडचण, वळण आणि फळ



पेरणीआधी सोयाबीनची उगवण तपासायला सांगणारा छोटा व्हिडिओ करायचा, असं मागच्या बैठकीत ठरलं होतं. एका गटाने मला लिहून दाखवलेली स्क्रिप्ट अशी सुरू होत होती: "नमस्कार, आम्ही अमुक गावच्या अमुक महिला बचत गटाच्या सदस्या. आज आपण बीज उगवण क्षमता चाचणीचे महत्त्व जाणून घेणार आहोत." घड्याळ लावून वाचलं, तर एवढ्यातच दहा-बारा सेकंद गेले. तोपर्यंत बघणारीने बोटाने व्हिडिओ वर सरकवलेला असतो. माझी पहिली स्क्रिप्टही अशीच होती, म्हणून हसू नका!

कळेल असं सावकाश बोललं तर सेकंदाला साधारण दोन शब्द होतात. म्हणजे तुमच्या हातात साठ-पासष्ट शब्द आहेत. गटाचं नाव बोलायचं नाही, शेवटी पाटीवर लिहून दाखवायचं. मग आम्ही मिळून पुन्हा लिहिलं:

अडचण: "सोयाबीनचं बियाणं दिसायला चांगलं होतं. पेरलं, आणि निम्मं उगवलंच नाही. बियाण्याचे पैसे गेले, पुन्हा पेरावं लागलं."

वळण: "पण बियाणं उगवणार की नाही, हे पेरायच्या आधी घरातलं गोणपाटच सांगतं."

फळ: "न निवडता शंभर दाणे मोजा. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडा. गुंडाळून सावलीत ठेवा, रोज पाणी शिंपडा. सातव्या दिवशी उघडा, चांगले कोंब मोजा. सत्तर किंवा जास्त, तर बियाणं पेरा. सत्तरच्या खाली, तर आधी कृषी अधिकाऱ्यांना विचारा."

मोजून बघा, बासष्ट शब्द आहेत. अडचणीला आठेक सेकंद, वळणाला पाच-सहा आणि उरलेले सगळे फळाला.

अडचण लिहिताना "शेतकऱ्यांचे नुकसान होते" असं लिहू नका. ते कोणाचंच नसतं. "पुन्हा पेरावं लागलं" म्हटलं की दुबार पेरणी केलेली बाई लगेच थांबते.

सगळ्यात जास्त चुकतं ते वळण. पुष्कळ जणी अडचण सांगतात आणि थेट "म्हणून चाचणी करा" म्हणतात. ती सूचना झाली. बघणारीच्या मनात आधीपासून काहीतरी पक्कं बसलेलं असतं, इथे ते म्हणजे "दाणा टपोरा आहे, उगवणारच." सोयाबीनच्या दाण्याचं टरफल पातळ असतं. मळणीत किंवा पोती आदळताना आतला अंकुर दुखावतो, पण वरून दाणा छानच दिसतो. म्हणून अडचणीत "दिसायला चांगलं होतं" हे शब्द मुद्दाम घातले, आणि वळणात तो समज मोडला. तुमचं वळण झालंय का, हे बघायचं असेल तर ते वाक्य झाकून स्क्रिप्ट वाचा. काही बिघडत नसेल, तर वळण नव्हतंच.

फळ म्हणजे "सर्वांनी काळजी घ्यावी" हेही नव्हे. बघणारी उद्या सकाळी काय करेल आणि जमलं हे तिला कशावरून कळेल, ते सांगायचं. इथे ती खूण सत्तर आहे. "न निवडता" हे दोन शब्द मात्र काढू नका. आपण बायका सवयीने चांगलेच दाणे निवडून घेतो, मग आकडा जास्त येतो आणि शेतात फसगत होते.

एका ताईंनी विचारलं, बीजप्रक्रिया आणि सत्तरच्या खाली आलं तर एकरी बियाणं किती वाढवायचं, हेही घालू का? नको. त्याचा दुसरा व्हिडिओ करू. आणि "चाचणी केली की पीक हमखास" असंही बोलू नका. चाचणीने फक्त बियाण्याचं कळतं. पुरेसा पाऊस होण्याआधी किंवा फार खोल पेरलं, तर चांगलं बियाणंही वर येत नाही, आणि मग लोक आपल्याला नावं ठेवतात.

झालेली स्क्रिप्ट जावेला किंवा शेजारणीला एकदाच वाचून दाखवा आणि "काय करायचं सांगितलं?" एवढंच विचारा. "शंभर दाणे, सात दिवस, सत्तर" असं आलं तर शूटिंग करा. "सोयाबीनचं काहीतरी" असं आलं, तर फळाची वाक्यं अजून लहान करा.

शूटिंग एका दिवसात होणार नाही, हे आधीच सांगून ठेवते. कोंब आलेलं गोणपाट उघडताना दिसलं पाहिजे. त्यामुळे दाणे मांडतानाचं आज घ्या, उघडतानाचं सातव्या दिवशी. गोणपाट कोरडं पडू देऊ नका, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून.