पोस्ट कुणासाठी लिहायची?

चि. मृण्मयीस,


लिंक्डइनवर टाकायच्या पोस्टचा तुझा मसुदा वाचला. चार वर्षांचा प्रवास, मॅनेजरचे आभार, टीमसोबतच्या आठवणी, सगळं मनापासून लिहिलं आहेस. पण नोकरी हवी आहे हे वाक्य पार तळाशी गेलं आहे. मोबाइलवर पोस्टच्या पहिल्या दोन-तीन ओळीच दिसतात, पुढचं वाचायला बोट लावावं लागतं. तेवढ्यात तू कोण, काय शोधतेस आणि कुठे, हे कळलं नाही तर माणूस पुढे सरकतो. कंपनीने टीम बंद केली यात तुझा काही दोष नाही. ते एका ओळीत सांग आणि सोडून दे.

‘आयटीत कोणतीही योग्य संधी असल्यास कळवावे’ हे वाक्य मात्र आधी खोड. मी इतकी वर्षं कंपन्यांसाठी माणसं शोधतो आहे. ‘कोणतीही’ वाचून मला एकही जागा आठवत नाही. ‘ऑटोमेशन टेस्टर’ वाचलं की लगेच आठवते. एकाच रेझ्युमेवर चालतील अशी एक-दोन पदं लिही. बिझनेस अॅनालिस्टचं तुझ्या मनात असेल तर ते ओळखीच्यांना वेगळं विचार, या पोस्टमध्ये नको.

आता ही पोस्ट वाचणार कोण? तुझ्या मैत्रिणींना सगळं आधीच ठाऊक आहे आणि त्यांना ठाऊक असलेल्या जागा तुलाही ठाऊक आहेत. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली हेच मांडलं: नवी खबर येते ती अधूनमधून गाठ पडणाऱ्यांकडून, कारण त्यांची ऊठबस वेगळ्या लोकांत असते. लिंक्डइनच्या सुमारे दोन कोटी सदस्यांवर केलेल्या प्रयोगांचे निष्कर्ष २०२२ मध्ये ‘सायन्स’मध्ये आले, त्यांतही अगदी अनोळखी नव्हेत पण जवळचेही नव्हेत अशाच ओळखी सर्वांत उपयोगी ठरल्या. म्हणजे कॉलेजचा सीनियर, जुन्या प्रोजेक्टवरचा डेव्हलपर. असा माणूस तुला फोन करून ‘नक्की काय हवंय गं?’ असं विचारत बसणार नाही. दोन मिनिटांत उरकेल असं काम सांगितलंस तर मात्र आनंदाने करेल.

मी असं लिहीन. तू इंग्रजीत घाल.

‘ऑटोमेशन टेस्टरची नोकरी शोधते आहे. पुणे किंवा रिमोट. चार वर्षांचा अनुभव, लगेच रुजू होऊ शकते.

सेलेनियम, जावा आणि एपीआय टेस्टिंग करते. शेवटच्या प्रोजेक्टमध्ये पेमेंट अॅपच्या रिग्रेशन चाचण्या ऑटोमेट केल्या. गेल्या महिन्यात कंपनीने आमची टीम बंद केली.

तुमच्या कंपनीत अशी जागा असेल तर जॉब आयडी मेसेज करा. बँकिंग किंवा पेमेंट क्षेत्रातला एखादा टेस्टिंग लीड ओळखीचा असेल तर गाठ घालून द्या.’

‘लगेच रुजू’ हे मुद्दाम पहिल्या ओळींत घेतलं. आपल्याकडे साठ-नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड सर्रास असतो, त्यामुळे घाईची जागा भरणारा रिक्रूटर आधी तेच बघतो. रिलीव्हिंग लेटर हातात आलं आहे ना, ते तपासूनच लिही.

जॉब आयडीचं कारण असं. मोठ्या कंपन्यांत रेफरल आतल्या पोर्टलवरून द्यावा लागतो आणि तिथे त्या जागेचा आयडी, तुझा ईमेल, रेझ्युमे भरावा लागतो. आयडी मिळाला की त्याच माणसाला ‘रेफर कराल का?’ असं विचार आणि रेझ्युमे सोबतच पाठव. त्याआधी घाईने स्वतः अर्ज करू नकोस. तुझं नाव आधीच त्यांच्या यादीत असेल तर बऱ्याच ठिकाणी रेफरल धरत नाहीत. संकोचही नको, निवड झाली तर अनेक कंपन्या रेफर करणाऱ्याला बोनस देतात.

पोस्टखाली ‘सीएफबीआर’ अशा कॉमेंटांची रांग लागेल. त्याने पोस्ट चार जास्त लोकांना दिसते, एवढंच. तू उत्तरं द्यायची ती मेसेज करणाऱ्यांना, आणि तीही त्याच दिवशी.

मोबाइल नंबर पोस्टमध्ये घालू नकोस. असे नंबर वेचून ‘तुमची निवड झाली आहे’ म्हणणारे लोक टपलेलेच असतात. लॅपटॉपचं डिपॉझिट, नोंदणी फी, असं काहीही मागितलं की तिथेच फोन ठेव.

पोस्ट मंगळवारी-बुधवारी सकाळी टाक. त्याआधी रेझ्युमेची पीडीएफ मला पाठव, पोस्टमधलं पद आणि रेझ्युमेवरचं पद एकच आहे का ते पाहतो. नोकरी लागली की त्याच पोस्टखाली तसं लिहायला विसरू नकोस, नाहीतर लोक तुझ्यासाठी जागा शोधत राहतील.

तुझा,
सुधीरकाका