निकालपत्र स्वतःच्या शब्दांत

प्रश्न : विधी शोधनिबंधात निकालपत्रे व लेखांचा आशय वाङ्मयचौर्य न होता कसा मांडावा?

उत्तर : न्यायालयाचा निकाल छापणे कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ नुसार सहसा उल्लंघन ठरत नाही; तरी तोच मजकूर स्वतःचा म्हणून देणे हे वाङ्मयचौर्यच. परवानगी आणि श्रेय या वेगळ्या गोष्टी आहेत.

केशवानंद भारती खटल्यात (१९७३) तेरा न्यायाधीशांनी सात विरुद्ध सहा अशा बहुमताने निर्णय दिला, पण निकालपत्रे अकरा होती. त्यांपैकी न्या. खन्ना यांच्या निकालपत्रातला परिच्छेद समोर ठेवून ‘अधिकार’ऐवजी ‘सामर्थ्य’ घालत गेल्यास वाक्यरचना त्यांचीच उरते. म्हणून परिच्छेद वाचून पान मिटावे आणि युक्तिवाद लिहावा : अनुच्छेद ३६८ खाली संसद घटनेत बदल करू शकते, पण बदलानंतर जुनी घटना ओळखू येईल इतकी तरी उरली पाहिजे, असे न्या. खन्ना यांचे मत होते. मग मूळ मजकुराशी ताडून पाहावे. नाव आणि परिच्छेद क्रमांकाची तळटीप इथेही लागतेच.

ज्या शब्दांच्या अर्थावरच वाद आहे, तेवढेच अवतरणात शब्दशः द्यावेत; गाळलेल्या जागी तीन टिंबे, घातलेला शब्द चौकोनी कंसात. मराठी अनुवाद स्वतःचा असल्यास तसे नोंदवावे.

लेखाच्या बाबतीत लेखकाचा युक्तिवादाचा क्रम उचलला, तरी श्रेय द्यावे लागते. निकालाच्या माथ्यावरचा सारांश, म्हणजे हेडनोट, मात्र न्यायालयाच्या नावे कधीच उद्धृत करू नये. तो संपादकाने लिहिलेला असतो.