मिरचीचे पैसे आणि आईची उचल
(तृतीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

आमच्या घरी कांदा-लसूण मसाला होतो. माझी आई तो गेली नऊ वर्षे करून विकते. कोल्हापूर भागातील वाचकांना हा मसाला काय चीज आहे हे सांगण्याची गरज नाही. इतरांसाठी एवढेच सांगते की, गृहिणी तो मार्च ते मे या तीन महिन्यांत वर्षभरासाठी भरून ठेवतात. म्हणजे आमच्या धंद्याचे दिवस तीन महिन्यांचे आणि पोट बारा महिन्यांचे. प्रस्तुत लेखाचा विषय या दोहोंतील अंतर हाच आहे.

फेब्रुवारी २०२३ मध्ये आईने हातातील दोन पाटल्या गहाण ठेवल्या. कारण सांगितले तर हसू येईल. मिरची घ्यायला पैसे नव्हते. आदल्या उन्हाळ्यात आमचा पत्र्याचा डबा नोटांनी भरला होता, हे मी डोळ्यांनी पाहिले होते. मग ते पैसे गेले कुठे? कोणी चोरले नव्हते, कोणी उधळले नव्हते. भावाची फी, वडिलांच्या डोळ्याची शस्त्रक्रिया, आत्याच्या घरचे लग्न, दर आठवड्याचा बाजार. डबा एकच, त्यामुळे ज्याला गरज लागली त्याने हात घातला. मी आईला विचारले तेव्हा ती म्हणाली, "पैशावर काय नाव लिवलेलं असतंय व्हय? घरचंच तर हाईत."

नाव लिहिलेले नसते हे खरेच. परंतु लिहावे लागते, ही गोष्ट मला त्यानंतर वाणिज्य शाखेच्या एका मैत्रिणीच्या पुस्तकात सापडली. हिशेबशास्त्र असे मानते की, व्यवसाय निराळा आणि मालक निराळा. मालकाने पैसे घातले तर ते भांडवल आणि मालकाने स्वतःसाठी काढले तर ती उचल. उचल हा धंद्याचा खर्च नव्हे. ती भांडवलातून वजा होते. म्हणूनच प्राप्तिकराचा विचारही धंद्याच्या नफ्यावर होतो, मालकाने किती उचलले यावर होत नाही. कायदा मात्र एकट्याच्या मालकीच्या धंद्यात हा भेद मानत नाही. धंद्याचे देणे थकले तर देणेकरी घरच्या वस्तूंपर्यंत येऊ शकतो. तेव्हा ही भिंत सरकारने बांधून दिलेली नाही, आपल्या वहीत आपणच बांधायची आहे.

'उचल' शब्दावरून घरात थोडे रामायण झाले. आमच्या साखरपट्ट्यात उचल म्हणजे ऊसतोड मजुराने मुकादमाकडून आगाऊ घेतलेली रक्कम. आई चिडून म्हणाली, "मी कुणाची उचल घेत न्हाई." शेवटी तिने स्वतःच 'आईचा पगार' असे नाव दिले. शास्त्राच्या दृष्टीने ते चूक आहे, पण मी वाद घातला नाही.

आता आकडे. एक किलो मसाला आम्ही ८०० रुपयांना विकतो आणि वर्षाला साधारण ४५० किलो जातो. त्यांपैकी २७० किलो उन्हाळ्याच्या तीन महिन्यांत आणि उरलेला नऊ महिन्यांत, महिना सुमारे २० किलो. एका किलोमागे ब्याडगी आणि संकेश्वरी मिळून मिरचीच साधारण १०० रुपयांची लागते. धणे, खोबरे, तीळ, कांदा, लसूण, खडा मसाला, तेल, इंधन, डंकाची कुटाई आणि पिशव्या यांचे ४०० रुपये होतात. राहिले ३०० रुपये. ही वाटणी आम्ही पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून कपाटाच्या दाराला आतून लावली आहे. आईच्या हाती ८०० रुपये आले की त्यांतले तिचे ३०० च आहेत, हे तिला रोज दिसले पाहिजे.

यांतले मिरचीचे १०० रुपये सर्वांत फसवे. इतर जिन्नस लागतील तसे आणता येतात. मिरची मात्र फेब्रुवारीत, गडहिंग्लजच्या बाजारात नवा माल असताना, एकदम वर्षाची घ्यावी लागते. ती ४५,००० रुपयांची होते. हे पैसे वर्षभर किलो-किलोने परत येतात आणि परत येताना ते नफ्यासारखेच दिसतात. आमच्या पाटल्या गेल्या त्या याच भ्रमाने. आता किलो विकला की १०० रुपये बाजूला पडतात. मे अखेर २७,००० जमतात, पुढे महिन्याला २,००० आणि फेब्रुवारीत पुरे ४५,००० हाताशी असतात.

वेगळे ठेवायचे म्हणजे कुठे, हाही प्रश्न होता. धंद्याच्या नावाने बँकेत चालू खाते काढले. त्यासाठी उद्यम नोंदणी करावी लागली. ती फुकट होते, तिच्या नावाखाली कोणी पैसे मागितल्यास देऊ नयेत. चालू खात्यावर व्याज मिळत नाही, म्हणून मिरचीचे पैसे अधूनमधून मुदत ठेवीत टाकतो. एक गंमत येथेच उघडकीला आली. दारावर चिकटवलेला पैसे भरण्याचा कोड भावाच्या खात्याचा होता! 'तुझ्या मोबाईलवर आले तरी काय झाले' म्हणत वर्षभर गिऱ्हाइकांचे पैसे तिकडे जात होते आणि तो बिचारा त्यांतून रिचार्ज आणि पेट्रोल भागवत होता. तो कोड बदलणे हेच आमचे पहिले खरे पाऊल.

त्यानंतर नियम केला की घर आणि धंदा यांच्यामध्ये एकच दार ठेवायचे आणि ते महिन्याच्या १ तारखेला उघडायचे. त्या दिवशी ठरलेली रक्कम धंद्याच्या खात्यातून आईच्या बचत खात्यात जाते. एरवी भाजीसाठीसुद्धा धंद्याच्या पैशांना हात नाही. उलट दिशेचेही तसेच. घराच्या विजेच्या आणि फोनच्या बिलातला धंद्याचा वाटा म्हणून महिना ३०० रुपये धंदा घराला देतो. ते त्या ४०० च्या खर्चात धरले आहेत. हा वाटा दर महिन्याला नव्याने भांडून ठरवायचा नाही. एकदा ठरवला की वर्षभर तोच.

आता उचल किती ठेवावी? येथे चूक माझी झाली आणि ती लपवण्यात अर्थ नाही. किलोमागे ३०० प्रमाणे ४५० किलोंचे १,३५,००० होतात. बाराने भागले तर ११,२५०. मी अर्थशास्त्राची विद्यार्थिनी, सरासरी काढून मोकळी झाले आणि मार्च २०२३ पासून ११,००० रुपये उचल ठरवली. कागदावर सगळे चोख होते. उन्हाळ्यात तीन महिन्यांत ८१,००० सुटतात. ३३,००० उचलले की ४८,००० उरतात. पुढे महिन्याला ६,००० च सुटतात, म्हणजे उचलीला दरमहा ५,००० कमी पडतात. नऊ महिन्यांचे ४५,००० झाले. तरी ३,००० शिल्लक!

प्रत्यक्षात ऑक्टोबरअखेर ती शिल्लक शून्यावर आली. दोन भोके मी मोजलीच नव्हती. पहिले उधारीचे. "पुढच्या महिन्यात देते" म्हणणाऱ्यांकडे १४,००० रुपये अडकले होते. वहीत विक्री झाली होती, हातात पैसे नव्हते. आणि उचल वहीतल्या विक्रीतून होत नाही, हातातल्या पैशांतून होते. दुसरे भोक आमच्याच स्वयंपाकघरात होते. घरी वापरलेला, मामांना, आत्यांना, शेजारी प्रेमाने दिलेला मसाला १८ किलो भरला. मालकाने घरी नेलेला माल हीसुद्धा उचलच, आणि ती विक्रीच्या किमतीने न लिहिता पडलेल्या किमतीने लिहायची असते. किलोला ५०० प्रमाणे ९,००० रुपये. म्हणजे मेअखेर ४८,००० नव्हे, २५,००० च उरले होते आणि महिना ५,००० च्या वेगाने ते पाच महिन्यांत संपले. नोव्हेंबरात उचल देण्यासाठी मिरचीच्या पैशांतून ५,००० काढावे लागले. त्या दिवशी आई काही बोलली नाही. तिने फक्त आपल्या मोकळ्या हातांकडे पाहिले.

डिसेंबरपासून आम्ही उचल निम्मी केली आणि मार्च २०२४ मध्ये हिशेब नव्याने मांडला. या वेळी १,३५,००० मधून गळतीचे २३,००० आधीच वजा केले. उरले १,१२,०००, महिन्याला सुमारे ९,३००. त्याहूनही खाली येऊन ८,००० ठरवले. उन्हाळ्यात ८१,००० मधून २४,००० उचल आणि २३,००० गळती गेली तरी ३४,००० राहतात. पुढील नऊ महिने दरमहा २,००० कमी पडतात, त्याचे १८,००० गेले की १६,००० हाताशी उरतात. हे १६,००० म्हणजे बक्षीस नव्हे. तीन महिन्यांच्या उचलीइतके, म्हणजे २४,००० रुपये, साठेपर्यंत त्याला हात लावायचा नाही असे ठरले. मिरची महागली, वजनकाटा बिघडला किंवा पावसाने एक घाणा भिजला, तर आईचा पगार त्यातून चालू राहतो.

सगळ्यांत अवघड ठरले ते उन्हाळा. मे महिन्यात खात्यात पैसे खेळत असताना आपण ८,००० च घ्यायचे, हे घरातल्या कोणालाच पटत नव्हते. वडील म्हणाले, "स्वतःचे पैसे स्वतःकडूनच मागायचे?" श्रावणात विक्री मंदावली आणि तरीही १ तारखेला ८,००० आलेच, तेव्हा त्यांचा आवाज खाली आला.

सप्टेंबर २०२४ मध्ये भावाच्या फीला १२,००० कमी पडले. पूर्वी असते तर डबा उघडला असता. आईने वही मागवली, शिल्लक पाहिली आणि धंद्याकडून घराला १२,००० उसने दिले. पुढचे सहा महिने आईचा पगार ८,००० ऐवजी ६,००० आला. ही सहा महिन्यांची ओढाताण मला सुखाची वाटली नाही. वाणसामानाची यादी अर्धी करावी लागत होती. पण मिरचीचे ४५,००० जिथल्या तिथे राहिले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये आई रोख पैसे घेऊन बाजाराला गेली.

पाटल्या अजून गहाणच आहेत. त्यांची रक्कम धंद्याच्या पैशांतून एकदम फेडून टाकू, असे मी सुचवले होते. आईने वहीवर बोट ठेवून विचारले, "ह्यात ते कुठल्या रकान्यात लिवायचं?" मिरचीसाठी घेतलेले ते कर्ज धंद्याचेच होते, म्हणून आता किलोमागे २० रुपये त्याच्यासाठी निराळे पडतात, आणि तेवढ्यापुरते पुठ्ठ्यावरचे ३०० खोडून तिथे २८० केले आहेत.