पँट ३४ची, पोट ३९ इंचांचे

प्रश्न : माझे वय ४४, उंची ५ फूट ७ इंच, वजन ७२ किलो. काम बैठे आहे. दीडेक वर्षापासून लिंगाला पुरेशी ताठरता येत नाही, आली तर टिकत नाही. इच्छा मात्र पूर्वीसारखीच आहे. ऑफिसच्या तपासणीत उपाशीपोटी साखर १०८, ट्रायग्लिसराइड्स २६८, एचडीएल ३४ आणि सोनोग्राफीत ‘फॅटी लिव्हर ग्रेड १’ असे आले. लिव्हरचे हल्ली सगळ्यांनाच निघते, असे ऐकले. मी जाड नाही, मला मधुमेह नाही. मित्र म्हणतात, टेन्शन असेल. या रिपोर्टचा आणि माझ्या तक्रारीचा काही संबंध असू शकतो का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : संबंध असू शकतो, आणि तुमच्या आकड्यांवरून तो असण्याची शक्यता बरीच दिसते. तुम्ही या दोन गोष्टी एकाच पत्रात लिहिल्यात हे फार चांगले केलेत. बहुतेक जण रिपोर्ट एका डॉक्टरांना दाखवतात आणि ही तक्रार कुणालाच सांगत नाहीत.

आधी ‘मी जाड नाही’ हे तपासू. तुम्ही कमरेचा आकडा लिहिलेला नाही. पँट ३४ची आहे असे सांगून चालणार नाही, कारण पोट सुटले की पट्टा हळूहळू पोटाच्या खाली सरकतो आणि पँटचे माप वर्षानुवर्षे तेच राहते. शर्ट वर करून उभे राहा. बाजूला हात लावून शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड शोधा. त्यांच्या बरोबर मधोमध टेप धरा, पोट आत न ओढता साधा श्वास सोडा आणि मग आकडा वाचा. ३४ची पँट घालणाऱ्याचे पोट या मापाने ३९ इंच, म्हणजे ९९ सेंटिमीटर भरलेले मी पाहिले आहे. आपल्याकडच्या पुरुषांसाठी मर्यादा ९० सेंटिमीटर, म्हणजे साधारण साडेपस्तीस इंच आहे.

वजनकाटा इथे फसवतो. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आपली स्वतःचीच जोडी दाखवली होती. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे होते, पण युडकिन यांच्या अंगात चरबी सुमारे ९ टक्के आणि याज्ञिकांच्या २१ टक्के. आपली माणसे हातापायांनी सडसडीत आणि पोटात चरबी साठवणारी असतात, ती अशी.

ही पोटातली चरबी गप्प बसत नाही. तिच्यातून स्निग्ध आम्ले रक्तात सुटत राहतात, आणि पेशी इन्सुलिनचे नीट ऐकेनाशा होतात. मग शरीर जास्त इन्सुलिन तयार करते. त्यामुळे साखर बरीच वर्षे आवाक्यात राहते आणि ‘मधुमेह नाही’ असा रिपोर्ट येतो. या काळात यकृत आलेल्या चरबीचे आणि जास्तीच्या साखरेचे ट्रायग्लिसराइड्स बनवते. काही यकृतातच साठतात, ते झाले फॅटी लिव्हर. उरलेले रक्तात सोडले जातात, तो झाला तुमचा २६८. ते वाढले की चांगले समजले जाणारे एचडीएल उतरते. तुम्हाला चार वेगवेगळ्या बारीकसारीक गोष्टी वाटल्या, ती एकाच बिघाडाची चार टोके आहेत.

कंबर ९०च्या वर, ट्रायग्लिसराइड्स १५०च्या वर, एचडीएल ४०च्या खाली, उपाशी साखर १००च्या वर, रक्तदाब १३०/८५च्या वर. या पाचांपैकी तीन जमले की त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. तुमचे तीन रिपोर्टमध्येच जमले आहेत. फक्त आदल्या रात्री जेवणावळ किंवा मद्य झाले असेल तर ट्रायग्लिसराइड्स फुगलेले येतात, तेव्हा ती तपासणी एकदा पुन्हा करून घ्या.

आता ताठरता. ती रक्ताच्या भरण्यावर अवलंबून असते. उत्तेजना झाली की तिथल्या मज्जातंतूंतून आणि रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड सुटतो. त्याने धमन्या सैलावतात, लिंगातल्या स्पंजासारख्या भागात रक्त भरते, आणि तो भाग फुगल्यामुळे परत जाणाऱ्या शिरा दाबल्या जाऊन रक्त तिथेच थांबते. निरोगी माणसात इन्सुलिनसुद्धा या अस्तराला नायट्रिक ऑक्साइड सोडायला लावते. पेशी इन्सुलिनचे ऐकेनाशा झाल्या की ही मदत कमी होते, मात्र रक्तवाहिनी आवळण्याची इन्सुलिनची बाजू चालूच राहते. वाहिनी सैलावायची तेवढी सैलावत नाही. म्हणून सुरुवात होते पण टिकत नाही, अगदी तुम्ही लिहिलेत तसे.

यात पोटातल्या चरबीचा आणखी एक हात आहे. ती काही टेस्टोस्टेरॉनचे स्त्री-संप्रेरकात रूपांतर करते. म्हणून टेस्टोस्टेरॉनही तपासावे, पण सकाळी अकराच्या आत, आणि कमी आले तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. एका आकड्यावर इंजेक्शने सुरू करू नयेत.

टेन्शनचे काय? तेही असू शकते. फरक ढोबळपणे असा ओळखतात : मनाच्या ताणातून आलेली तक्रार अनेकदा अचानक सुरू होते आणि पहाटेची ताठरता शाबूत असते. रक्तवाहिन्यांची तक्रार हळूहळू वाढते आणि पहाटेचीही कमी होत जाते. पुढे दोन्ही एकमेकांत मिसळतात, कारण दोनदा फसले की तिसऱ्यांदा धास्ती बसते.

‘अशक्तपणा आला’ म्हणून डिंकाचे लाडू, बदामदूध सुरू करू नका. भर नेमकी पोटावर पडते. शक्तिवर्धक चूर्णेही नकोत. त्यांतल्या काहींत न सांगता सिल्डेनाफिल मिसळलेले सापडले आहे. हे औषध डॉक्टरांनी दिले तर बरेचदा उपयोगी पडते. नायट्रिक ऑक्साइडने सुरू केलेले काम ते लांबवते, पण मुळात तोच कमी सुटत असेल तर औषधही अपुरे पडते. सॉर्बिट्रेटसारखी नायट्रेटची गोळी चालू असेल तर ते अजिबात घ्यायचे नाही. रक्तदाब जिवावर बेतेल इतका कोसळू शकतो.

मूळ बिघाड मागे फिरतो का? बऱ्याच अंशी. इटलीत ताठरतेची तक्रार असलेल्या ११० स्थूल पुरुषांवरचा एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. आहार आणि व्यायामाच्या नीट आखलेल्या कार्यक्रमात असलेल्यांपैकी दोन वर्षांनी जवळजवळ दर तिघांत एकाची तक्रार गेली. दोघांची गेली नाही, हेही लक्षात ठेवा. तुमच्या बाबतीत पाच ते सात किलो वजन उतरले तर यकृतातली चरबी चांगली कमी होते. ट्रायग्लिसराइड्सवर सर्वांत लवकर परिणाम गोड आणि मद्य सोडल्याचा दिसतो. दिवसाचे चार चहा दोन-दोन चमचे साखरेचे असतील तर तिथून सुरुवात करा. रात्रीच्या पोळ्या कमी करून उसळ वाढवा, आणि रोज पाऊण तास घाम येईल असे चाला. तीन महिन्यांनी तीच टेप, तेच रिपोर्ट.

शेवटी एक विनंती. लिंगाच्या धमन्या १ ते २ मिलिमीटरच्या, हृदयाच्या ३ ते ४ मिलिमीटरच्या असतात. सारखाच बिघाड बारीक नळीत आधी जाणवतो, आणि हृदयाची तक्रार त्यानंतर दोन-तीन वर्षांनी पुढे येताना अनेक रुग्णांत दिसली आहे. म्हणून या आठवड्यातच रिपोर्ट घेऊन फिजिशियनकडे जा, रक्तदाब मोजून घ्या आणि ही तक्रार त्यांना स्पष्ट शब्दांत सांगा. जिना चढताना छातीत दाटून येत असेल, तर आठवड्याचीही वाट पाहू नका.