लाइट गेली आणि प्रेस उघडला : बॉल स्क्रू की लीड स्क्रू?

आपल्या जिल्ह्यात कापसाचं कौतुक कोणाला सांगायला नको. जिनिंगमध्ये सरकी वेगळी होते, रुई प्रेसमध्ये दाबली जाते आणि १७० किलोची गाठ बांधून बाहेर पडते. तो मोठा प्रेस हायड्रॉलिकवर चालतो. आमच्या फायनल इयरच्या ग्रुपने ठरवलं, की आपण एक छोटा प्रेस करायचा, मोटरवर चालणारा. फूटभर लांब, फूटभर रुंद पेटी, तिच्यात रुई भरायची आणि वरून एक पाटी खाली दाबायची. मोटर गोल फिरते, पाटी सरळ खाली जायला हवी. मध्ये स्क्रू लागणारच. कुठला स्क्रू, एवढाच प्रश्न होता, आणि त्या प्रश्नात आमचं अख्खं सेमिस्टर गेलं.

आधी ताकद किती लागेल ते काढलं. त्यासाठी कसलंही उपकरण नव्हतं. पेटीत रुई भरली, वर पाटी ठेवली आणि बांधकामावरून आणलेल्या ५० किलोच्या सिमेंटच्या गोण्या एकावर एक रचत गेलो. दहाव्या गोणीला रुई हवी तेवढी दबली. म्हणजे ५०० किलो, साधारण ५००० न्यूटन.

भंगारात काढलेल्या एका सीएनसी मशीनचा बॉल स्क्रू मिळाला होता, व्यास २० मिमी, लीड ५ मिमी. लीड म्हणजे स्क्रूच्या एका फेऱ्यात नट जेवढा सरकतो ते अंतर. बॉल स्क्रूच्या नटात आटे आट्यांवर घासत नाहीत. मध्ये छर्रे असतात, ते खाचेतून लोळत जातात आणि नळीतून परत सुरुवातीला येतात. जुन्या ट्रकचा स्टीअरिंग बॉक्स उघडलेला पाहिला असेल तर त्यात हीच युक्ती दिसते. छर्रे लोळत असल्यामुळे घर्षण फार कमी, आणि कार्यक्षमता ९० टक्क्यांच्या आसपास.

टॉर्कचं सूत्र सगळ्यांना पाठ असतं:

T = F × L / (2πη)

F म्हणजे ताकद, L म्हणजे लीड, η म्हणजे कार्यक्षमता. सूत्राचा अर्थ साधा आहे. एका फेऱ्यात मोटरने जेवढं काम दिलं, त्यातला η एवढा भाग पाटीपर्यंत पोचला. आकडे टाकले : ५००० गुणिले ०.००५, भागिले २π गुणिले ०.९. उत्तर ४.४ न्यूटन-मीटर. लॅबमध्ये ८.५ न्यूटन-मीटरची स्टेपर मोटर पडून होती. स्टेपरचा लिहिलेला टॉर्क उभ्या मोटरचा असतो, फिरताना तो कमी होतो, म्हणून निम्म्यावर चालवणं बरं. हिशोब बरोबर बसला. मोटर सरळ कपलिंगने स्क्रूला जोडली. मिनिटाला १२० फेरे, म्हणजे सेकंदाला १० मिमी. ४०० मिमीचा प्रवास ४० सेकंदांत. आम्ही खूश.

दुसऱ्या ट्रायलला पाटी पूर्ण दाबलेली असताना लाइट गेली. आणि पाटी वर आली! दबलेली रुई म्हणजे स्प्रिंगच. तिने पाटी ढकलली, पाटीने नट ढकलला, नटाने स्क्रू गरगर उलटा फिरवला. स्क्रूच्या डोक्यावर हाताने फिरवायचं चाक होतं, त्यावर आमच्या एका मित्राचा हात होता. नख काळंनिळं झालं. आवाज ऐकून आलेल्या वर्कशॉपच्या काकांनी पहिला प्रश्न विचारला, "काहून रे पोट्टेहो, ब्रेक कुठी आहे याचा?"

ब्रेक नव्हता. पुस्तकातल्या तक्त्यात बॉल स्क्रूसमोर ९० आणि लीड स्क्रूसमोर ३० पाहिलं आणि आम्ही जास्त मार्कांचा विद्यार्थी निवडला होता. पण ज्या कमी घर्षणामुळे मोटरला पाटी ढकलणं सोपं जातं, त्याच कमी घर्षणामुळे पाटीलाही मोटर फिरवणं सोपं जातं. उलट्या दिशेचा टॉर्क F × L × η / (2π) एवढा येतो. उलट दिशेची कार्यक्षमताही ९० टक्के धरली तर आमच्या प्रेसमध्ये तो ३.६ न्यूटन-मीटर होता. वीज असेपर्यंत स्टेपर तो अडवते. वीज गेली की तिच्यात फक्त चुंबकांची किरकोळ पकड उरते, ती ३.६ समोर टिकत नाही.

आता लीड स्क्रू. आम्ही टीआर २०×४ घेतला, म्हणजे २० मिमी व्यास, ४ मिमी पिच, ट्रॅपेझॉइडल आटे, सोबत ब्राँझचा नट. याचा आटा म्हणजे दंडगोलाला गुंडाळलेला उतार, असं समजा. आट्याचा सरासरी व्यास १८ मिमी, म्हणजे एका फेऱ्यात उताराची लांबी सुमारे ५६.५ मिमी आणि चढ ४ मिमी. हा कोन ४ अंश झाला. ग्रीस लावलेल्या ब्राँझ आणि पोलादाचा घर्षणांक ०.१५ धरला आणि आट्याच्या तिरक्या बाजूचा परिणाम मिळवला, तर घर्षणाचा कोन ८.८ अंश येतो. उतार ४ चा, घर्षण ८.८ चं. अशा उतारावर ठेवलेली वस्तू आपोआप घसरत नाही. म्हणून पाटी कितीही ढकलो, स्क्रू फिरत नाही. गाडीचा स्क्रू जॅक किंवा वर्कशॉपमधला व्हाइस हात काढल्यावर जागेवर राहतो, तो याच कारणाने.

किंमत मात्र मोजावी लागते. कार्यक्षमता म्हणजे tan ४° भागिले tan (४° + ८.८°), सुमारे ३१ टक्के. जो स्क्रू स्वतःहून अडतो त्याची कार्यक्षमता ५० टक्क्यांच्या खालीच राहते, हे याच सूत्रातून निघतं. दोन्ही कोन सारखे धरून पाहा. टॉर्क आला १०.३ न्यूटन-मीटर. आमच्या मोटरला हा सरळ झेपणार नव्हता, म्हणून मध्ये दोनास एक असा दातेरी पट्टा घातला. मोटरवर ५.२ न्यूटन-मीटर, निम्म्याहून थोडा जास्त, पण ठीक. पाटीचा वेग सेकंदाला ४ मिमीवर आला आणि ४० सेकंदांचं काम १०० सेकंदांचं झालं.

तरीही मोटर अडली. पाटी शेवटच्या काही इंचांवर आली की ती गुरगुरायची, स्टेप चुकवायची, पण पुढे जायची नाही. आम्ही आधी ड्रायव्हरला दोष दिला, मग वायरिंगला. खरा चोर स्क्रूच्या टोकाला बसला होता. पाटी खाली ५००० न्यूटन ढकलते म्हणजे स्क्रू वर ५००० न्यूटन ढकलला जातो, आणि तो भार आम्ही एका साध्या ब्राँझ वॉशरवर घेतला होता. वॉशरची सरासरी त्रिज्या १२ मिमी, घर्षणांक तोच ०.१५. गुणाकार केला तर ९ न्यूटन-मीटर! आटे जेवढा टॉर्क खात होते, जवळपास तेवढाच वॉशर एकटा खात होता. दोन्ही मिळून १९.३, पट्ट्यानंतर मोटरवर ९.६. मोटर ८.५ ची. ती अडणारच होती. वॉशर काढून थ्रस्ट बॉल बेअरिंग बसवलं आणि ते ९ न्यूटन-मीटर नाहीसे झाले. पुस्तकात याला कॉलर घर्षण म्हणतात. आम्ही ते परीक्षेत सोडवलं होतं, प्रेसमध्ये विसरलो. तुमची मोटर हिशोबाने पुरते पण प्रत्यक्षात अडते, असं झालं तर आधी तिथे हात लावून पाहा, वॉशर गरम लागेल.

लीड स्क्रूचा नटही गरम होतो. पूर्ण भाराला स्क्रूमध्ये सुमारे ६५ वॅट जातात, पाटीला २० मिळतात, उरलेले ४५ वॅट नटात उष्णता होतात. बॉल स्क्रूमध्ये अडीचपट वेगाने काम करूनही जेमतेम ५-६ वॅट वाया जात होते. आमच्या प्रेसमध्ये पूर्ण भार फक्त शेवटी काही सेकंद येतो, म्हणून निभावतं. दिवसभर मागे-पुढे पळणाऱ्या सीएनसीच्या टेबलाला हे चालणार नाही. तिथे बॉल स्क्रूच हवा. लीड स्क्रूचा नट झिजतोय हे ग्रीसवरून कळतं, त्यात पिवळसर चमक दिसू लागते.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. लीड स्क्रू म्हणजे तो अडणारच, असं नाही. पिच म्हणजे शेजारच्या दोन आट्यांमधलं अंतर, लीड म्हणजे एका फेऱ्यातला प्रवास. एकच आटा असेल तर दोन्ही सारखे. पण थ्रीडी प्रिंटरमध्ये येणारा ८ मिमीचा स्क्रू पाहा. त्यावर चार आटे सोबत चालतात. पिच २, लीड ८. त्याचा कोन २० अंशांवर जातो आणि वीज गेली की प्रिंटरचा जड गाडा खाली सरकू शकतो. आम्हालाही वेग वाढवायला दोन आट्यांचा, ८ लीडचा स्क्रू घ्यायचा मोह झाला होता. त्याचा कोन ८ अंश, घर्षणाचा ८.८. कागदावर अडतो. पण चांगलं तेल पडून घर्षणांक ०.१० वर आला, की घर्षणाचा कोन ५.९ होतो आणि स्क्रू सुटतो. मशीन थरथरत असेल तर त्याहून आधी. अशा काठावरच्या स्क्रूवर माणसाचा हात ठेवू नये, असं माझं मत. ४ लीडला मात्र ०.१० वरही अंतर राहतं.

बॉल स्क्रू ठेवायचाच असता तर मार्ग होता : स्प्रिंगने लागणारा आणि विजेने सुटणारा ब्रेक. वीज गेली की तो आपोआप पकडतो. ३.६ न्यूटन-मीटरच्या दुपटीचा घेतला असता. पण ब्रेकचा खर्च आमच्या खिशाबाहेर होता, आणि रुईचे तंतू उडून ग्रीसला चिकटतात, ते छर्‍यांच्या वाटेत गेले तर नट अडतो. नट उघडून साफ करताना छर्रे हॉस्टेलच्या खोलीभर पसरले, त्यातले दोन अजून सापडले नाहीत. बॉल स्क्रूचा नट स्क्रूवरून सरळ काढू नये, रिकाम्या नळीवर सरकवून काढावा, हे तेव्हा कळलं.

शेवटी लीड स्क्रू कायम केला. लाइट गेली तर पाटी उघडायला उलट दिशेने ३.८ न्यूटन-मीटर लागतात. २०० मिमी व्यासाच्या चाकावर ते हाताला चार किलोच्या आसपास जाणवतं, म्हणजे कोणालाही जमतं. सबमिशनच्या आधी काकांनी एक चाचणी सांगितली. रुई पूर्ण दाबायची, पट्टा काढून टाकायचा, चाक आणि फ्रेम दोन्हींवर खडूने एक सरळ रेघ मारायची आणि खोलीला कुलूप लावून झोपायला जायचं. सकाळी मेसचा चहा घेऊन आम्ही कुलूप उघडलं. रेघ सरळच होती.